रजिस्टरमधले साठ आणि हक्काचे साठ

सॉफ्टवेअर लायसन्सच्या अंतर्गत ऑडिटला बसलो की लेखा विभाग ॲसेट रजिस्टर पुढे सरकवतो आणि म्हणतो, "साठ लायसन्स आहेत, बघा." आयटीवाला स्कॅनचा अहवाल उघडतो. दोन आकडे जवळपास जुळले की सगळ्यांना वाटतं, झालं काम. पण ॲसेट रजिस्टर आणि लायसन्सचा हक्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्या एकच समजण्याची चूक मी इतक्यांदा पाहिली आहे की आता सुरुवात तिथूनच करतो.

रजिस्टर सांगतं की कशावर पैसे खर्च झाले आणि त्यातलं काय मालमत्ता म्हणून नोंदलं गेलं. हक्क सांगतो की आज कोणती आवृत्ती, कोणी, किती ठिकाणी वापरायची मुभा आहे. पहिली गोष्ट लेखानियमांनी ठरते, दुसरी करारातल्या अटींनी. म्हणून पैसे दिलेले असूनही हक्क नसू शकतो आणि हक्क असूनही रजिस्टरमध्ये त्याची ओळ नसू शकते.

एक प्रकरण आकड्यांसकट सांगतो. रेखाचित्रं काढायचं एक सॉफ्टवेअर होतं. रजिस्टरमध्ये त्याच्या दोन ओळी होत्या, एक चाळीस लायसन्सची आणि दुसरी काही वर्षांनंतरची वीसची. एकूण साठ. दुसऱ्या ओळीचं बिल काढून वाचलं, तर ती वीस 'अपग्रेड' लायसन्स निघाली. अपग्रेड स्वतःच्या पायावर उभं राहत नाही. ते जुन्या लायसन्सवर चढतं, आणि तिथल्या करारात स्पष्ट लिहिलं होतं की अपग्रेड केल्यावर जुनी प्रत वेगळी वापरता येणार नाही. म्हणजे चाळीस अधिक वीस ही बेरीज मुळातच चूक होती. खरा हक्क चाळीसच होता, वीस नव्या आवृत्तीचे आणि वीस जुन्या.

उलट बाजूने काही हक्क रजिस्टरच्या बाहेर होते. एका विभागाने वार्षिक वर्गणीवर बारा लायसन्स घेतली होती. वर्गणी थेट खर्चात टाकली जाते, म्हणून रजिस्टरला तिचा पत्ता नव्हता. शिवाय सहा लायसन्स संगणकांसोबतच आली होती आणि त्यांची किंमत संगणकाच्या किमतीत विरघळलेली होती. अशी लायसन्स साधारणपणे त्या यंत्रालाच बांधलेली असतात. यंत्र भंगारात गेलं की लायसन्सही गेलं. सहापैकी दोन संगणक निकाली निघाले होते, म्हणून चार उरली. एकूण हक्क झाले छप्पन्न.

रजिस्टर साठ म्हणतं, हक्क छप्पन्न. फरक किरकोळ वाटतो ना? पण हा निव्वळ योगायोग आहे. एकीकडे वीस जास्त मोजले आणि दुसरीकडे सोळा मोजलेच नाहीत, एवढंच.

मग रजिस्टर कशासाठी? लायसन्स मोजायला नाही, संगणक मोजायला. स्कॅन तेवढंच सांगतो जेवढ्या यंत्रांपर्यंत तो पोहोचला, आणि तो किती यंत्रांपर्यंत पोहोचला नाही हे त्याला स्वतःला कळत नाही. रजिस्टरमध्ये १४० संगणक होते. त्यातले १२८ स्कॅनमध्ये दिसले. उरलेल्या बारांपैकी सात भंगारात गेले होते पण रजिस्टरमधून काढले नव्हते. तीन एका शाखेत होते, त्यांच्यावर स्कॅनचा एजंटच टाकलेला नव्हता. ते हाताने तपासून यादीत घातले. दोन शेवटपर्यंत सापडले नाहीत. याउलट स्कॅनमध्ये रजिस्टरला माहीत नसलेले चार संगणक होते. ते भाड्याचे निघाले. भाड्याच्या यंत्रावर इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरलाही लायसन्स लागतंच.

आता इन्स्टॉल काय आहे ते पाहू. विंडोजवर ही यादी मुख्यतः रजिस्ट्रीतल्या या जागांवरून निघते:

```
HKLM\SOFTWARE\Microsoft\Windows\CurrentVersion\Uninstall
HKLM\SOFTWARE\WOW6432Node\Microsoft\Windows\CurrentVersion\Uninstall
HKCU\SOFTWARE\Microsoft\Windows\CurrentVersion\Uninstall
```

दुसरी जागा ६४ बिट विंडोजवरच्या ३२ बिट प्रोग्रॅमची आहे. तिसरी, वापरकर्त्याने फक्त स्वतःपुरतं टाकलेल्या प्रोग्रॅमची. ती हमखास सुटते. (काही जण यासाठी `Win32_Product` वापरतात. त्यात फक्त एमएसआय पद्धतीने टाकलेले प्रोग्रॅम दिसतात, वर प्रत्येक प्रोग्रॅमची पडताळणी सुरू होते आणि कधीकधी दुरुस्तीही. ऑडिट करायला जाऊन संगणकात ढवळाढवळ व्हायला नको.)

या सॉफ्टवेअरच्या नावाने एकूण ८३ ओळी आल्या. त्यातल्या पंधरा, फाइल नुसती उघडून पाहायच्या मोफत व्ह्यूअरच्या होत्या. नऊ ओळी भाषापॅक आणि दुरुस्ती-अपडेटच्या. उरल्या ५९. यातले पाच संगणक तीन महिन्यांत नेटवर्कवर दिसलेच नव्हते. असे संगणक सरळ वजा करायचा मोह होतो, तो आवरावा. चौकशी केली तेव्हा दोन यंत्रं नव्या नावाने पुन्हा तयार केलेली निघाली, म्हणजे तीच दोनदा मोजली गेली होती. बाकी तीन कपाटात पडून होती, सॉफ्टवेअरसकट. या करारात अट 'इन्स्टॉल केलेली प्रत' अशी होती, 'वापरात असलेली' अशी नव्हती. म्हणून कपाटातलेही मोजावे लागले. आकडा आला ५७.

छप्पन्न हक्क, सत्तावन्न प्रती. एक विकत घ्या आणि फाइल बंद करा, असं आयटी विभागाचं म्हणणं होतं. पण हक्क प्रकारवार जुळवावे लागतात.

वर्गणीची बारा लायसन्स माणसांच्या नावावर होती आणि एका माणसाला दोन संगणकांवर टाकायची परवानगी होती. त्यातले तिघे नोकरी सोडून गेले होते, त्यांची नावं कोणी बदलली नव्हती. उरलेल्या नऊ जणांच्या मिळून चौदा प्रती निघाल्या. त्या नियमात बसतात. संगणकासोबत आलेली चार आपापल्या यंत्रांवरच होती, तीही ठीक. सत्तावन्नातून हे अठरा गेले की ३९ प्रती राहतात, आणि त्यांच्यासमोर कायमची चाळीस लायसन्स. म्हणजे एक शिल्लक! पण आवृत्ती पाहिली तर ३९ पैकी २७ प्रती नव्या आवृत्तीच्या आणि बारा जुन्या. नव्याचे हक्क वीसच. तिथे सात कमी पडले, आणि जुन्याचे आठ वापराविना पडून होते. नव्या आवृत्तीच्या लायसन्सवर जुनी चालवायची सोय बऱ्याच करारांत असते, उलटं मात्र चालत नाही.

हे सात कुठून आले तेही सापडलं. आयटीने नवे संगणक तयार करताना सगळ्यांवर एकच साचा उतरवला होता आणि त्यात नवी आवृत्ती होती. कोणाची लबाडी नव्हती.

उपायाला एकही पैसा लागला नाही. सोडून गेलेल्यांची तीन वर्गणीची लायसन्स तिघांच्या नावावर केली. उरलेल्या चार संगणकांवर जुनी आवृत्ती परत टाकली. त्यांचा हक्क आधीपासून होताच. अर्थात यामुळे मधल्या काळात झालेला जादा वापर पुसला जात नाही, म्हणून तो किती महिन्यांचा होता हे इन्स्टॉलच्या तारखांवरून काढून अहवालात लिहिलं आणि विक्रेत्याला कळवायचं की नाही याचा निर्णय कायदा विभागावर सोडला. सापडले नाहीत त्या दोन संगणकांचाही उल्लेख तिथेच केला: त्यांवर काय इन्स्टॉल होतं याची खात्री करता आली नाही, म्हणून वरचा सातचा आकडा किमान समजावा, जास्तीत जास्त नऊ.