अतिशुद्ध एन्झाइम आणि हरवलेली सुरुवात

१९६० चं दशक संपत आलं होतं. हार्वर्डमध्ये रिचर्ड बर्गेस हा संशोधक विद्यार्थी ई. कोलाय जीवाणूतून आरएनए पॉलिमरेज वेगळं काढत होता. डीएनएवरून आरएनएची प्रत काढणारं हे एन्झाइम जितकं शुद्ध मिळेल तितकं चांगलं, असं कुणालाही वाटेल. पण फॉस्फोसेल्युलोजच्या कॉलममधून काढलेलं त्याचं एन्झाइम वासराच्या थायमस ग्रंथीच्या डीएनएवर व्यवस्थित चाले आणि टी-४ विषाणूच्या डीएनएवर जवळजवळ ठप्प होई. कॉलमला न चिकटता वाहून गेलेला भाग परत मिसळला, की काम पुन्हा सुरू. त्या भागात एक प्रथिन होतं. १९६९ मध्ये ते सिग्मा या नावाने जाहीर झालं.

मग थायमसचा डीएनए सिग्माविना कसा चालला? तो काढता काढता जागोजागी तुटलेला होता, आणि नुसतं पॉलिमरेज अशा तुटक्या टोकांपासून, खाचांपासून कुठूनही सुरुवात करतं. टी-४ चा डीएनए अखंड होता. तिथे योग्य जागा हुडकावी लागते, आणि ते काम एकट्या पॉलिमरेजला येत नाही.

ही योग्य जागा म्हणजे प्रमोटर. जिथून प्रत सुरू होते त्या अक्षराला +१ म्हणतात, आणि त्याच्या मागची अक्षरं उणे धरून मोजतात. ई. कोलायच्या नेहमीच्या जनुकांमध्ये उणे १० च्या आसपास टी-ए-टी-ए-ए-टी आणि उणे ३५ च्या आसपास टी-टी-जी-ए-सी-ए असे अक्षरसमूह असतात, मध्ये साधारण १७ अक्षरांचं अंतर. हुबेहूब असा प्रमोटर क्वचितच सापडतो. जनुकागणिक एकदोन अक्षरं इकडेतिकडे असतात आणि त्यावरच प्रमोटर जोरकस की मंद हे बरंचसं ठरतं. सिग्मा एका हाताने उणे ३५ धरतं, दुसऱ्याने उणे १०. त्या दुसऱ्या जागी ते एक नाजूक काम करतं: उणे ११ वरचा ए दुहेरी पिळातून बाहेर वळवून स्वतःच्या खळग्यात अडकवतं. तिथून पीळ उलगडतो आणि १२-१४ अक्षरांचा बुडबुडा तयार होतो. यासाठी एटीपी, म्हणजे पेशीचं इंधन, खर्च होत नाही. (सिग्मा-५४ नावाचा एक प्रकार मात्र एटीपी वापरणाऱ्या मदतनीसाशिवाय हलत नाही.)

ई. कोलायकडे असे एकूण सात सिग्मा आहेत. पॉलिमरेजचा गाभा एकच, सिग्मा बदललं की वेगळी जनुकं चालू. याचं सगळ्यात देखणं उदाहरण सिग्मा-३२ चं. तापमान ३० अंश असताना हे प्रथिन पेशीत नावापुरतं असतं आणि जेमतेम मिनिटभर टिकतं. डीएनएके नावाचं प्रथिन त्याला पकडतं आणि एफटीएसएच हा कापणारा एन्झाइम त्याचे तुकडे करतो. तापमान ४२ अंशांवर गेलं की पेशीतली प्रथिनं उष्णतेने विस्कटू लागतात, आणि विस्कटलेल्यांना सावरणं हे तर डीएनएकेचं मुख्य काम! दंगल पेटल्यावर सगळे पोलीस बंदोबस्ताला जावेत आणि चौकी ओस पडावी, तसं सिग्मा-३२ मोकळं सुटतं. शिवाय त्याचा एमआरएनए एरवी घडी घालून बसलेला असतो, तीही उष्णतेने उलगडते आणि नवं सिग्मा भराभर बनतं. ते वेगळ्याच अक्षरांचे प्रमोटर ओळखतं, आणि त्यांच्यामागच्या जनुकांत डीएनएकेचंही जनुक असतं. म्हणजे पुरेसं डीएनएके तयार झालं की सिग्मा-३२ पुन्हा पकडलं जातं. तापमान मोजणारं वेगळं यंत्र पेशीला लागतच नाही.

आता माणसाच्या पेशीकडे वळू. इथेही गोष्ट तशीच सुरू झाली. प्रथिनं सांगणाऱ्या जनुकांची प्रत काढणारं पॉलिमरेज-२ शुद्ध केलं, की ते प्रमोटर असलेल्या डीएनएवर भलतीकडूनच सुरुवात करायचं. १९७९ मध्ये रॉबर्ट रोडर यांच्या प्रयोगशाळेने त्यात मानवी पेशींचा कच्चा अर्क घातला, आणि अ‍ॅडिनोव्हायरसच्या प्रमोटरवर सुरुवात बरोबर +१ पासून झाली. अर्कात दुसरं सिग्मा सापडेल अशी आशा असणार. निघाली ती प्रथिनांची एक अख्खी टोळी: टीएफ-टू-डी, ए, बी, एफ, ई आणि एच.

सिग्मा एकटं जे करतं ते इथे वाटून दिलंय. टीएफ-टू-डी मधलं टीबीपी हे खोगिरासारखं प्रथिन टाटा बॉक्सवर बसतं (आपल्या टाटांचा संबंध नाही, ती फक्त टी आणि ए ही अक्षरं) आणि डीएनएला सुमारे ८० अंशांत वाकवतं. टीएफ-टू-बी पॉलिमरेजला तिथे आणून बसवतं. पीळ उलगडायला मात्र एटीपी लागतो: टीएफ-टू-एच मधली एक्सपीबी ही मोटर पुढच्या बाजूने डीएनए पॉलिमरेजच्या जबड्यात रेटते. हीच टीएफ-टू-एच पॉलिमरेजच्या लांब शेपटीला फॉस्फेटही लावते, ज्यामुळे ते टोळीला सोडून पुढे निघू शकतं.

मला यात सगळ्यात थक्क करणारी गोष्ट वेगळीच वाटते. सिग्माचं एक बोट पॉलिमरेजच्या आत, जिथून आरएनए बाहेर पडायचा त्याच वाटेत घुसलेलं असतं. नवा आरएनए थोडा लांबला की त्यावर आपटतो, आणि पुष्कळदा दोन ते दहाएक अक्षरांचे तुकडे गळून जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते. रेटा पुरेसा झाला की बोट हटतं आणि पॉलिमरेज सुटतं. टीएफ-टू-बी चं बोटही जवळपास त्याच ठिकाणी घुसलेलं असतं, आणि ही दोन प्रथिनं अजिबात सारखी दिसत नाहीत.

एक सावधगिरी. पाठ्यपुस्तकातल्या चित्रामुळे प्रत्येक मानवी जनुकापुढे टाटा बॉक्स असतो असं वाटतं. बहुतेकांपुढे तो नसतो. तिथे टीएफ-टू-डी चे बाकीचे घटक दुसऱ्या खुणा धरतात. आणि आपला डीएनए हिस्टोन नावाच्या प्रथिनांवर गुंडाळलेला असल्याने आधी जागा मोकळी करावी लागते. जीवाणूत चांगला प्रमोटर मिळाला की सिग्मा बऱ्याचदा कामाला लागतं. आपल्याकडे जनुक मुळातच बंद असतं, कुणीतरी ते उघडावं लागतं.

बीटा-ग्लोबिन, म्हणजे हिमोग्लोबिनचा अर्धा भाग बनवणारं जनुक, टाटा बॉक्सवाल्यांपैकी. त्याचा बॉक्स सी-ए-टी-ए-ए-ए असा, उणे ३२ ते उणे २७. यातला उणे २८ वरचा ए बदलून जी झाला की टीबीपीची पकड सैल होते. ग्लोबिन प्रथिनात एकही चूक नसते, ते फक्त कमी बनतं. हा बीटा-थॅलेसेमियाचा सौम्य प्रकार, चीन आणि आग्नेय आशियात ठाऊक असलेला. जनुकाचा केवळ प्रथिन सांगणारा भाग वाचला तर हा दोष सापडायचा नाही.

बॉक्स शाबूत असूनही असंच घडू शकतं. ट्रायकोथायोडिस्ट्रॉफी या दुर्मिळ आजारात केस ठिसूळ होतात, त्यात गंधक कमी असतं. बऱ्याच रुग्णांमध्ये दोष एक्सपीडी या टीएफ-टू-एच च्याच घटकात असतो, त्यामुळे पेशीत टीएफ-टू-एच कमी राहतं. २००१ मध्ये अशा रुग्णांचं रक्त तपासलं तेव्हा लाल पेशी लहान आणि हिमोग्लोबिन ए-२ वाढलेलं, म्हणजे थॅलेसेमियाच्या वाहकांसारखं निघालं. त्यांच्या बीटा-ग्लोबिन जनुकात मात्र काही बिघाड नव्हता. केसाची पेशी केराटिन आणि लाल पेशी ग्लोबिन प्रचंड प्रमाणात बनवते, तेही आयुष्याच्या अगदी शेवटी, जेव्हा नवं टीएफ-टू-एच तयार होणं थांबत आलेलं असतं. आहे तो साठा काम संपायच्या आत सरतो, असं याचं स्पष्टीकरण दिलं जातं.