खुलासा: शंभर टक्के जुळणी

"ट्रान्सलेशन मेमरीने शंभर टक्के जुळणी दाखवली, की ते वाक्य पुन्हा वाचावं लागत नाही."

हा समज चुकीचा आहे. ट्रान्सलेशन मेमरी म्हणजे जुनी वाक्यं आणि त्यांची भाषांतरं साठवून पुन्हा सुचवणारी सोय. तिच्यात शंभर टक्के जुळतं ते मूळ वाक्य. मराठी वाक्य नव्या जागी बसतं की नाही, हे मेमरी तपासत नाही.

नागपुरात घरोघरी दिसणाऱ्या कूलरचंच माहितीपत्रक घ्या. जुन्या आवृत्तीत टाकीतल्या फिल्टरबद्दल इंग्रजी वाक्य होतं, 'रिमूव्ह इट बिफोर क्लीनिंग'. मराठी केलं, 'साफ करण्यापूर्वी तो काढा.' नव्या आवृत्तीत पंख्यामागे जाळी आली आणि तिच्याखाली तेच इंग्रजी वाक्य आलं. मेमरीने 'तो काढा' भरलं. वाचणाऱ्याला वाटेल, पंखाच काढायचाय! इंग्रजीच्या 'इट'ला लिंग नाही, आपल्या जाळीला आहे.

पडताळायला सोपं आहे. फक्त शंभर टक्केवाली वाक्यं निवडून घ्या आणि प्रत्येकाच्या आधीचं वाक्य वाचा. काही सॉफ्टवेअरमध्ये आजूबाजूची वाक्यंही जुळली तर १०१ टक्के किंवा 'संदर्भ जुळणी' दिसते. तिथे धोका बराच कमी, पण जुनी चूक असेल तर तीही जशीच्या तशी येते.

'ती काढा' असं दुरुस्त करताना जुन्यावर नवं चढवू नका, दोन्ही भाषांतरं मेमरीत राहू द्या. नाहीतर पुढच्या आवृत्तीत फिल्टर 'ती' होईल. सॉफ्टवेअरची शेवटची सुसंगतता-तपासणी एकाच इंग्रजी वाक्याच्या या दोन भाषांतरांना चूक म्हणून दाखवेल. ती सूचना वाचून सोडून द्यायची. एकसारखेपणा हवा तो 'बटण दाबा' की 'कळ दाबा' अशा ठिकाणी.