कोंड्याने कोलेस्टेरॉल का उतरत नाही

गिरगावात आमच्या घरी पीठ चाळून उरलेला कोंडा कधी टाकला जात नाही. दोन वर्षांपूर्वी बाबांचा एलडीएल, म्हणजे रक्तातल्या ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचा आकडा, १५२ आला, तेव्हा आईने तोच कोंडा मूठभर परत कणकेत मिसळायला सुरुवात केली. तीन महिन्यांनी बाबांचं पोट रोज सकाळी साफ होऊ लागलं होतं, एलडीएल मात्र १५०. आई खट्टू झाली. पण कोंड्याने त्याचं काम चोख केलं होतं. कोलेस्टेरॉल उतरवणं हे त्याचं कामच नाही.

कोंडा हा चोथा, म्हणजे फायबर. चोथा सगळा एकच, हा समज मुळात प्रयोगशाळेतून आला. एकोणिसाव्या शतकात जर्मनीत जनावरांच्या वैरणीचा कस तपासण्यासाठी एक पद्धत बसवली गेली: नमुना आधी आम्लात उकळायचा, मग अल्कलीत, आणि जे उरेल त्याला चोथा म्हणायचं. या उकळण्यात सफरचंदातलं पेक्टिन, गवारीतला डिंक, मेथीदाण्याचा बुळबुळीतपणा सगळं वाहून जायचं. माणसांच्या अन्नाचे तक्तेही पुढे कित्येक वर्षं याच आकड्यांवर चालले, आणि त्यांत कडधान्यांचा चोथा खऱ्यापेक्षा खूप कमी दिसायचा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली काढलेल्या तक्त्यांत विरघळणारा आणि न विरघळणारा चोथा वेगवेगळा दिला आहे.

विरघळणाऱ्या चोथ्याचा गुण माणसांवर त्याच्या बऱ्याच आधी दिसला होता. १९६१ साली अमेरिकेत अँसेल कीज आणि सहकाऱ्यांनी पुरुषांना रोज १५ ग्रॅम पेक्टिन दिलं, तेव्हा कोलेस्टेरॉल सुमारे ५ टक्के उतरलं. सेल्युलोज या न विरघळणाऱ्या चोथ्याने तसं झालं नाही. आपल्याकडे आग्र्याच्या माथुर आणि सहकाऱ्यांनी भरपूर स्निग्ध आहार घेणाऱ्यांना गहू आणि इतर धान्यांऐवजी हरभरा खायला दिला आणि कोलेस्टेरॉल उतरल्याचं १९६८ साली प्रसिद्ध केलं. मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो, कारण त्यात औषधाची पुडी नव्हती, रोजच्या ताटातलं कडधान्य होतं. पण १९७०च्या दशकात डेनिस बर्किट यांनी आफ्रिकेतल्या खेड्यांतला चोथायुक्त आहार आणि भरघोस शौच यांचा संबंध जगापुढे मांडला, आणि लोकांच्या मनात चोथा म्हणजे गव्हाचा कोंडा हे समीकरण पक्कं बसलं.

दोन्ही चोथ्यांच्या कामाची रीत वेगळी आहे. कोंडा आतड्यात फारसा बदलत नाही. त्याचे खरबरीत कण मोठ्या आतड्याच्या अस्तराला घासतात, अस्तर पाणी आणि चिकट स्राव सोडतं, मळ मऊ होऊन पुढे सरकतो. म्हणून कोंडा जाडसर हवा. अगदी बारीक दळला तर हा परिणाम राहत नाही, उलट मळ घट्टही होऊ शकतो. इसबगोल, ओट्स, मेथीदाणे यांतला चोथा मात्र पाणी पिऊन खळीसारखा दाट होतो. लहान आतड्यात पित्ताम्लं त्या खळीत अडकतात आणि शरीरात परत शोषली न जाता मळावाटे निघून जातात. नवं पित्त करायला यकृताला कोलेस्टेरॉल लागतं, ते यकृत रक्तातल्या एलडीएलमधून ओढून घेतं.

डॉक्टरांना विचारून बाबांनी इसबगोलाचं साल सुरू केलं: दिवसाला १० ग्रॅम, दोन जेवणांआधी अर्धं अर्धं. त्यातून जवळपास ७ ग्रॅम विरघळणारा चोथा मिळतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९९८ साली इसबगोलासाठी हेच प्रमाण धरलं होतं. पहिला आठवडा पोट फुगल्यासारखं वाटलं, म्हणून ३ ग्रॅमवर येऊन हळूहळू वाढवलं. दर वेळी पेलाभर पाणी, आणि इतर गोळ्यांपासून दोन तासांचं अंतर, नाहीतर गोळीही त्या खळीत अडकते. गिळायला त्रास असेल किंवा आतडं अरुंद झालेलं असेल, तर इसबगोल घेऊ नये. आठ आठवड्यांनी एलडीएल १३९ आला, म्हणजे सुमारे ७ टक्के कमी. इसबगोलाकडून अपेक्षा ५ ते १० टक्क्यांचीच ठेवावी. ज्याला स्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या औषधाची गरज आहे, त्याची गोळी यामुळे सुटत नाही.

इसबगोल पोटही साफ ठेवतं. आतड्यातले जंतू ते फारसं खाऊ शकत नाहीत, त्यामुळे त्यात धरलेलं पाणी शेवटपर्यंत टिकतं. पेक्टिनचं तसं नाही, जंतू ते फस्त करतात.

म्हणूनच ‘विरघळणारा’ हा शब्दही आता अपुरा ठरतो. संयुक्त राष्ट्रांच्या एफएओ आणि डब्ल्यूएचओ या अन्न आणि आरोग्य संघटनांच्या १९९८च्या तज्ज्ञ अहवालाने विरघळणारा आणि न विरघळणारा ही विभागणी हळूहळू सोडून द्यावी असंच सुचवलं. कारण घरीही दिसतं. तीन पेल्यांत पाणी घ्या आणि एकात कोंडा, एकात इसबगोल, एकात इन्युलिन ढवळा. इन्युलिन हाही विरघळणारा चोथाच, ‘फायबर घातलेल्या’ पुष्कळ बिस्किटांत तो असतो. पाव तासाने कोंडा तळाशी बसलेला असतो, इसबगोलात चमचा उभा राहील इतकं पाणी दाटतं, आणि इन्युलिन पुरतं विरघळूनही पाणी पातळच राहतं. पित्ताला अडवायला त्यात खळच नसते, त्यामुळे अशा बिस्किटाने एलडीएल उतरेल अशी आशा धरता येत नाही.