काळ्यावरचा निळा, पांढऱ्यावरचा पिवळा: टर्मिनलच्या रंगांची पार्श्वभूमी

गोव्यातल्या घरात बाल्कांवात लॅपटॉप घेऊन बसले की दुपारच्या उजेडात काळा पडदा आरशासारखा होतो, म्हणून टर्मिनल पांढऱ्यावर घ्यावे लागते. घेतल्याबरोबर `git log` मधली पिवळी कमिट-ओळ दिसेनाशी होते. पावसाळ्यातल्या काळोख्या संध्याकाळी पुन्हा काळे केले, तर `ls` मधली फोल्डरांची निळी नावे बुडतात. दोन्ही दोषांचे मूळ एकाच जुन्या व्यवस्थेत आहे.

१९७९ मध्ये अमेरिकेत टर्मिनलच्या नियंत्रणखुणांचे मानक ठरले. त्यात प्रोग्रॅम रंग पाठवत नाही, रंगाचा क्रमांक पाठवतो: `34` म्हणजे निळा, `33` म्हणजे पिवळा. तो निळा नेमका किती गडद, हे टर्मिनल ठरवते. आणि पार्श्वभूमी काळी की पांढरी, हे प्रोग्रॅमला बहुधा ठाऊकच नसते.

१९८१ मध्ये आयबीएमच्या पीसीसोबत आलेल्या रंगीत कार्डाने यात एक गुंता घातला. त्यात लाल, हिरवा, निळा यांचा एकेक बिट आणि चौथा बिट तीव्रतेचा होता. त्यामुळे ‘ठळक’ अक्षर म्हणजे जाड नव्हे, तर उजळ अक्षर अशी सवय पडली. त्याच काळातली दुसरी गोष्ट म्हणजे गडद पिवळा. तो मळकट दिसे, म्हणून आयबीएमच्या मॉनिटरमध्ये हिरव्याचा अंश मुद्दाम कमी करून त्याचा तपकिरी केला जाई. हा तपकिरी लक्षात ठेवा, पुढे कामाला येतो.

आता `ls` पाहा. फोल्डरासाठी तो `01;34`, म्हणजे ठळक निळा, पाठवतो. एक्सटर्म या जुन्या टर्मिनलच्या साध्या निळ्याचा, `#0000ee` चा, काळ्यावरचा कॉन्ट्रास्ट जेमतेम २.२ पट, वाचायला ४.५ पट लागतो असा वेबचा सर्वमान्य निकष आहे. पण ‘ठळक म्हणजे उजळ’ या सवयीने एक्सटर्म तिथे `#5c5cff` वापरतो आणि आकडा ४.४ वर जातो. म्हणजे काळ्यावरच्या फोल्डरांना इतकी वर्षे त्या चौथ्या बिटानेच तारले. अनेक नव्या टर्मिनलांत ठळक म्हणजे फक्त जाड, आणि नेमका तिथे निळा पुन्हा बुडतो. यंत्र बदलल्यावर `ls` अचानक वाचता येईना, तर आधी सेटिंगमधला हाच पर्याय तपासावा.

मात्र तो चालू करणे प्रत्येक थीमला मानवत नाही. २०११ ची सोलराइज्ड थीम उजळ रंगांच्या बहुतेक जागा राखाडी छटांना देते. तिथे पर्याय चालू केला तर ठळक हिरवा राखाडी होतो, आणि ‘उजळ काळा’ तर गडद पार्श्वभूमीचाच रंग असल्याने मजकूर पूर्ण नाहीसा होतो.

पिवळ्याची अडचण उलटी. एक्सटर्मचा `#cdcd00` काळ्यावर १२ पटींहून जास्त, पण पांढऱ्यावर फक्त १.७. दोन्हीकडे ४.५ गाठायचे, तर रंगाची उजळता ० ते १ या मापावर ०.१७५ ते ०.१८३ या चिंचोळ्या पट्टीतच बसायला हवी. तिथे तेजस्वी पिवळा बसूच शकत नाही; तपकिरी मात्र बसतो. २५६ रंगांच्या तक्त्यातला `130`, म्हणजे `#af5f00`, पांढऱ्यावर ४.७ आणि काळ्यावर ४.५ च्या अगदी जवळ येतो. निळ्यासाठी `27`, म्हणजे `#005fff`: पांढऱ्यावर ५.१, काळ्यावर ४.१. निकषाला थोडा कमी, पण जुन्या २.२ पेक्षा खूपच बरा.

```
git config --global color.diff.commit 130
export LS_COLORS="$LS_COLORS:di=38;5;27"
```

दुसरी ओळ `.bashrc` मध्ये, `dircolors` च्या ओळीनंतर टाकावी. आधी टाकली तर ती पुसली जाते. मॅकचा मूळचा `ls` हे चल वाचत नाही. दोन्ही पार्श्वभूमींवर पुढची ओळ चालवून पाहिली की फरक डोळ्यांसमोर येतो:

```
for i in 34 '1;34' 33 '38;5;27' '38;5;130'; do
  printf '\033[%sm%s\033[0m\n' "$i" "$i"; done
```

पहिल्या दोन ओळी एकाच रंगाच्या दिसल्या, तर तुमचे टर्मिनल ठळकला उजळ करत नाही.

हे आकडे शुद्ध काळ्या-पांढऱ्याचे आहेत. सोलराइज्डच्या गडद `#002b36` वर तोच `130` सुमारे ३.२ वर घसरतो, कारण १६ च्या पुढचे रंग थीम सहसा बदलत नाहीत. अशी थीम वापरणाऱ्यांनी क्रमांक जुनेच ठेवावेत आणि टर्मिनलमध्ये उजेडाची व काळोखाची अशी दोन प्रोफाइल करावीत. उजेडाच्या प्रोफाइलमध्ये पिवळ्याच्या जागी तपकिरी भरावा, काळोखाच्या प्रोफाइलमध्ये निळा उजळ करावा.