चिकुनगुन्यानंतरची सांधेदुखी

चिकुनगुन्याचा ताप आठवड्याभरात उतरतो, पण सांधे काही जणांना महिनोन् महिने सोडत नाहीत. दुखणे तीन महिन्यांपुढे गेले की त्याला जुनाट अवस्था म्हणतात. आजाराचे नावच या दुखण्यावरून पडले आहे: टांझानियातील माकोंदे भाषेत त्याचा अर्थ ‘वाकवून टाकणारा’ असा होतो. महाराष्ट्रात 1973 मध्ये बार्शीला त्याची मोठी साथ आली होती. पुढे तीसेक वर्षे तो जवळजवळ विस्मरणात गेला आणि 2005-06 मध्ये पुन्हा देशभर पसरला.

रक्तातला विषाणू तोवर नाहीसा झालेला असतो. मागे उरते ती सांध्याच्या अस्तराची आणि स्नायुबंधांभोवतीच्या आवरणाची सूज. म्हणून बोटे, मनगट आणि घोटा अशा लहान सांध्यांत दुखणे जास्त जाणवते, आणि रात्रभर हालचाल नसल्याने सकाळी ते आखडलेले असतात. गणपतीत ताप येऊन गेलेल्या पन्नाशीच्या गृहिणीचे उदाहरण घेऊ. दिवाळी उलटली तरी सकाळी तिची मूठ वळत नाही, कणीक मळताना मनगटातून कळ येते आणि पलंगावरून उतरताना पहिली चार पावले घोटा टेकवत नाही. दहा वाजेपर्यंत हात बराच मोकळा होतो.

अशा वेळी अंथरुणातून उठण्याआधीच घोटे गोल फिरवावेत. मग कोमट पाण्यात पंजे दहा मिनिटे बुडवून पाण्यातच मूठ हळूहळू मिटावी-उघडावी. सांधा गरम आणि सुजलेला असेल तर मात्र शेक नको. कापडात गुंडाळलेला बर्फ बरा. हालचाल किती करावी याचा एक सोपा अंदाज आहे: व्यायामानंतर वाढलेले दुखणे दोन तासांत उतरले नाही, तर दुसऱ्या दिवशी तो कमी करावा. पूर्ण विश्रांतीने सांधा आणखी आखडतो, आणि एका दिवशी सगळी साफसफाई उरकली की पुढचे दोन दिवस अंथरुणात जातात. कणीक दोन वेळा थोडी थोडी मळावी, झाऱ्या-चमच्यांच्या दांड्यांना कापड गुंडाळून त्या जाड कराव्यात, ओले कपडे पिळण्याऐवजी निथळू द्यावेत. घरातही मऊ तळाची चप्पल घालावी.

औषधांत पहिली पसंती पॅरासिटामॉलला असते. तापाच्या दिवसांत डेंग्यू नाही हे कळेपर्यंत इतर वेदनाशामके टाळतात, कारण त्यांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. नंतर ती चालतात, पण मूत्रपिंड, जठर व रक्तदाब यांचा विचार करून आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने. खरा घोटाळा स्टिरॉइडच्या गोळ्यांचा आहे. दोन दिवसांत माणूस पळू लागतो, गोळी थांबली की दुखणे उसळते, मग पुन्हा तीच गोळी; यात मधुमेहींची साखर बिघडते ती वेगळीच.

सूज तीन महिन्यांनंतरही दिसत असेल, तर संधिवाततज्ज्ञांना दाखवावे. संधिवात अगदी असाच दिसू शकतो, म्हणून ते आरए फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ताच्या तपासण्या सांगतात आणि गरजेनुसार मेथोट्रेक्सेटसारखे सांध्यांची सूज आटोक्यात ठेवणारे औषध सुरू करतात. रात्री अंगठा व शेजारची बोटे बधिर होत असतील, तर मनगटात नस दाबली गेल्याची शक्यता असते. तेही त्यांना सांगावे, कारण त्याचा इलाज वेगळा आहे.