सहा चाकं, स्प्रिंग एकही नाही: रॉकर-बोगीचा हिशोब

मंगळावर फिरणाऱ्या रोव्हरचे फोटो बघताना बहुतेकांचं लक्ष कॅमेऱ्याच्या मानेकडे जातं, पण खरी गंमत खाली चाकांपाशी आहे. १९९७ च्या सोजर्नरपासून क्युरिऑसिटी, पर्सिव्हिअरन्सपर्यंत आणि आपल्या चांद्रयान-३ च्या २६ किलोच्या प्रज्ञानलासुद्धा एकच सस्पेन्शन आहे, रॉकर-बोगी. डोनाल्ड बिकलर नावाच्या, नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेतल्या इंजिनिअरने ते काढलं, पेटंट १९८९ चं. आणि त्यात स्प्रिंग नाहीच.

स्प्रिंग का नको, ते आधी बघू. गाडीचं एक चाक दगडावर चढलं की तिथली स्प्रिंग दबते, दबली म्हणजे त्या चाकावर भार वाढला, आणि तो भार दुसऱ्या कुठल्यातरी चाकावरून कमी झाला. छोट्या हलक्या रोव्हरमध्ये हे इतकं होतं की एखादं चाक जमिनीला नुसतं टेकलेलं असतं आणि वाळूत गरागरा फिरत बसतं. म्हणून फक्त चाक जमिनीला लागलंय का एवढं बघून भागत नाही, त्याच्यावर भार किती आहे हेही बघायला लागतं, कारण पकड भारातूनच येते.

आता रचना. क्युरिऑसिटीच्या पद्धतीने घेऊ, म्हणजे प्रत्येक बाजूला एक लांब दांडा (रॉकर), त्याच्या पुढच्या टोकाला पुढचं चाक, मागच्या टोकाला एक पिव्होट, आणि त्या पिव्होटवर डुलणारा छोटा दांडा (बोगी) ज्याच्या दोन टोकांना मधलं आणि मागचं चाक. रॉकर स्वतः बॉडीला एका मुख्य पिव्होटवर लटकलेला. दोन्ही बाजूंचे रॉकर डिफरन्शियलने जोडलेले असतात, क्युरिऑसिटीत तो बॉडीवर आडवा दिसणारा बार आहे, बॉडीच्या हिशोबाने एक रॉकर जितका वर फिरेल तितकाच दुसरा खाली. त्यामुळे बॉडी दोन मुख्य पिव्होट आणि डिफरन्शियल अशा तीन ठिकाणी टेकते, तिपाईसारखी, जी कुठल्याही जमिनीवर डुगडुगत नाही.

मापं टाकून बघू, म्हणजे डोक्यात बसेल. समजा ३ किलोचा रोव्हर, चाकं १०० मिमी व्यासाची, लागोपाठच्या दोन एक्सलमध्ये १५० मिमी अंतर. प्रत्येक बाजूला दीड किलो, म्हणजे प्रत्येक चाकावर अर्धा किलो हवा. बोगीची दोन चाकं सारखा भार घ्यायची तर बोगीचा पिव्होट त्यांच्या बरोबर मध्ये, म्हणजे पुढच्या एक्सलपासून २२५ मिमीवर. त्या पिव्होटवर एक किलो येणार आणि पुढच्या चाकावर अर्धा, म्हणून मुख्य पिव्होट बोगीच्या बाजूला दुप्पट जवळ: पुढच्या चाकापासून १५० मिमी, बोगीच्या पिव्होटपासून ७५. म्हणजे बरोबर मधल्या चाकाच्या डोक्यावर. बॉडीचा गुरुत्वमध्यही तिथेच यायला हवा.

आणि याच अंतरांमधून अजून एक गोष्ट फुकटात मिळते. मागचं चाक ६० मिमीच्या दगडावर चढलं तर बोगीचा पिव्होट ३० मिमी उचलतो आणि मुख्य पिव्होट त्याच्या दोन तृतीयांश, म्हणजे २० मिमी. पुढचं चाक चढवा, मधलं चढवा, तरी २०च. दुसरी बाजू सपाटीवर असेल तर बॉडीचा मधला भाग जेमतेम १० मिमी वर येतो. कॅमेरा का हलत नाही ते कळलं ना! आणि हे सगळं होताना चाकांवरचा भार जवळपास तोच राहतो, कारण तो अंतरं ठरवतात, चाकाची उंची नाही.

मग अडतं कुठे? उंचीवर. वरचा हिशोब रोव्हर उभा असतानाचा आहे, पण तो ढकलायला लागला की गोष्ट बदलते. पुढचं चाक दगडाच्या उभ्या बाजूला अडलंय आणि बोगीची दोन चाकं मागून जोर लावतायत असं धरा. जोर लागतो जमिनीवर, आणि तो पुढे जातो बोगीच्या पिव्होटमधून, जो जमिनीपासून वर आहे. या दोन उंचींच्या फरकामुळे बोगी मागे कलंडायला बघते, मधलं चाक हलकं होतं, मागचं जड. घर्षणाचा गुणांक ०.६ धरला तर दोन चाकं मिळून साधारण ५.९ न्यूटन ढकलतात. पिव्होट १०० मिमी उंच असेल तर ५.९ × १०० ÷ १५० म्हणजे ३.९ न्यूटन भार मधल्यावरून मागच्यावर जातो, मधल्याकडे मुळात ४.९ होता, उरला एक. पिव्होट १२५ मिमीवर नेला की शून्य, चाक हवेत. ६० मिमीवर ठेवला तर अजून अडीच न्यूटन शिल्लक आहे. हिशोब ढोबळ आहे, रॉकरचा भारही थोडा सरकतो, पण दिशा बरोबर आहे, आणि मजेची गोष्ट म्हणजे टायरची पकड जितकी चांगली तितकं हे लवकर होतं. म्हणून पिव्होट जमेल तितका खाली ठेवायचा. फार खाली आणला तर दांडाच दगडाला घासतो, ते वेगळं. मला विचाराल तर एक्सलच्या उंचीच्या थोडं वर ही जागा ठीक, आणि बोगी उलटी होऊ नये म्हणून दोन्हीकडे स्टॉपर.

हे ढकलणं क्युरिऑसिटीलाही भोवलं. तिच्या चाकांचा ॲल्युमिनियमचा पत्रा पाऊण मिलिमीटरचा, २०१३ मध्ये टोकदार दगडांवर त्याला भोकं पडायला लागली, आणि मार पुढच्या-मधल्या चाकांना जास्त, कारण मागची चाकं त्यांना दगडावर रेटत होती. सगळी चाकं एकाच वेगाने फिरवली तर दगडावर चढणाऱ्या चाकाला जास्त लांबचा रस्ता कापायचा असतो, ते मागे पडतं आणि बाकीची त्याला ढकलतात. २०१७ मध्ये त्यासाठी चाकांचे वेग जमिनीप्रमाणे वेगवेगळे ठेवणारं सॉफ्टवेअर पाठवलं. छोट्या रोव्हरमध्येही सहा मोटरींना एकच सिग्नल दिला की हेच होतं.

घरी बनवलेलं बरोबर जमलंय का हे किचनच्या डिजिटल काट्यावर कळतं. एका चाकाखाली काटा, बाकी पाचांखाली तेवढ्याच उंचीचे ठोकळे, आणि एकेक चाक मोजत जायचं. पुढच्या चाकांवर ७०० ग्रॅम आणि बाकीच्यांवर ४०० दिसलं तर बॅटरी ३० मिमी मागे सरकवून चालणार नाही, सगळ्या बॉडीचा गुरुत्वमध्यच ३० मिमी पुढे गेलाय, बॅटरी एक किलोची असेल तर ती ९० मिमी मागे न्यावी लागेल. नंतर काटा आणि चाकाच्या मध्ये ६० मिमीचा ठोकळा घाला. ठोकळ्याचं वजन वजा करून आकडा थोडासाच हलला तर उत्तम, बराच वाढला तर पिव्होट अडकतोय. बहुतेक वेळा नायलॉक नट जास्त आवळलेला असतो. बोल्टवर नुसतं भोक फिरवण्यापेक्षा स्केटबोर्डची 608 बेअरिंग टाकावी. डिफरन्शियलच्या जोडांमध्ये ढिलेपणा असेल तर बॉडी आधी पुढे किंवा मागे लुडकते आणि मग काम सुरू होतं, तो काट्यावर नाही, हाताने बॉडी पुढे-मागे हलवल्यावर कळतो.

आणि हळू चालवा. क्युरिऑसिटीचा वेग सेकंदाला जास्तीत जास्त चारेक सेंटिमीटर, प्रज्ञानचा एक. यात धक्का जिरवणारं काहीच नाही, त्यामुळे वेगात दगडावर आदळलेलं चाक उडतं, आणि मग वरचा एकही आकडा लागू राहत नाही.