लांब केबलमधील डिफरन्शियल जोडी आणि टर्मिनेशन

यंत्रांच्या गजबजाटातून शेकडो मीटर डेटा नेणाऱ्या सिरियल बसमध्ये, म्हणजे अनेक उपकरणांनी वाटून घेतलेल्या केबलमध्ये, एक संदेश एकाच तारेवर न पाठवता पिळलेल्या दोन तारांवर एकमेकींच्या उलट व्होल्टेजने पाठवतात आणि केबलच्या दोन्ही टोकांना ठरावीक किमतीचा रोधक जोडतात. पहिल्या पद्धतीला डिफरन्शियल सिग्नलिंग म्हणतात, दुसरीला टर्मिनेशन. दोन्ही नेहमी जोडीने दिसतात, म्हणून त्यांचे काम एकच आहे असे वाटते. ते तसे नाही. जोडी बाहेरून येणाऱ्या विद्युत गोंगाटापासून वाचवते, तर टर्मिनेशन सिग्नलला त्याच्या स्वतःच्याच प्रतिध्वनीपासून. एकाचा बिघाड दुसऱ्याच्या उपायाने बरा होत नाही. या नोंदीत मुख्यतः आरएस-४८५ या मानकाचा विचार केला आहे. ते १९८३ साली आले आणि मॉडबससारखे कितीतरी प्रोटोकॉल आजही त्याच्यावर चालतात.

गोंगाट आत कसा शिरतो

मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या व्हीएफडी ड्राइव्हच्या आत साधारण ५४० व्होल्टचा डीसी दाब सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतो. प्रत्येक वेळी व्होल्टेज ०.१ मायक्रोसेकंदात उसळी घेते असे धरले तर बदलाचा वेग मायक्रोसेकंदाला सुमारे ५,००० व्होल्ट होतो. मोटरची केबल आणि डेटाची केबल एकाच ट्रेमधून जात असतील तर दोघींमध्ये नकळत एक छोटा कपॅसिटर तयार झालेला असतो. तो फक्त १० पिकोफॅरडचा असला तरी त्या उसळीच्या क्षणी डेटाच्या तारेत ५० मिलिअँपिअर प्रवाह ढकलला जातो. तारेला जमिनीकडे १०० ओमची वाट असेल तर हा ५ व्होल्टचा झटका झाला. आरएस-२३२ सारख्या एकतारी पद्धतीत रिसीव्हर ही तार आणि सामाईक ग्राउंड यांच्यातला फरक वाचतो. त्याचा उंबरठा ३ व्होल्टच्या आत असतो, त्यामुळे असा झटका खरा बिट म्हणून वाचला जाऊ शकतो.

जोडीत हाच झटका दोन्ही तारांवर जवळजवळ सारखाच पडतो. एक तार ५.० व्होल्टने उचलली गेली आणि दुसरी ४.९ ने, तर दोघींमधला फरक बिघडला फक्त ०.१ व्होल्टने. आरएस-४८५ चा रिसीव्हर हा फरकच वाचतो. फरक ०.२ व्होल्टपेक्षा जास्त असेल तर एक स्थिती, उणे ०.२ च्या खाली असेल तर दुसरी. सिग्नल पाठवणाऱ्या ड्रायव्हरला पूर्ण भारावर निदान १.५ व्होल्टचा फरक द्यावाच लागतो. त्यामुळे हा ०.१ व्होल्ट आला काय आणि गेला काय, सारखेच.

सगळी मदार ‘जवळजवळ सारखाच’ या शब्दांवर आहे. दोन तारा शेजारी-शेजारी सरळ धावल्या तर गोंगाटाच्या उगमाजवळची तार नेहमी जास्त भोगते. पीळ घातला की थोड्या थोड्या अंतरावर तारांची जागा बदलते आणि दोघींचा वाटा सरासरीने समान होतो. चुंबकीय क्षेत्राच्या बाबतीत तर पीळ आणखी कामाचा आहे. दोन तारांमध्ये बनणाऱ्या प्रत्येक छोट्या वेटोळ्यात विद्युतदाब निर्माण होतो, पण पुढच्या वेटोळ्यात तो उलट दिशेचा असतो, म्हणून एकमेकांना खोडतो. कनेक्टरपाशी सोयीसाठी हातभर पीळ उलगडणे, किंवा चार जोड्यांच्या केबलमध्ये एका जोडीतली एक तार आणि दुसरीतली एक अशी निवडणे, म्हणजे पैसे देऊन घेतलेले संरक्षण स्वतःच्या हाताने काढून टाकणे होय. दुसऱ्या प्रकारची चूक दिसत नाही, कारण मल्टिमीटर तार सलग असल्याचेच सांगतो.

दोन तारांची मर्यादा

फरक कितीही स्वच्छ असला तरी रिसीव्हरची चिप दोन्ही तारांना स्वतःच्या ग्राउंडच्या तुलनेत मर्यादेत पाहते. आरएस-४८५ मध्ये ही मर्यादा उणे ७ ते अधिक १२ व्होल्ट आहे. दोन पॅनल ३०० मीटर दूर असतील आणि वेगवेगळ्या ठिकाणी अर्थिंगला जोडलेले असतील, तर त्यांच्या ग्राउंडमध्येच काही व्होल्टचा फरक पडू शकतो आणि मोठ्या यंत्राचा प्रवाह जमिनीतून वाहू लागला की तो वाढतो. मर्यादा ओलांडली तर आधी चुकीचे बिट येतात, मग चिप जळते. ‘दोनच तारा पुरतात’ हा समज यामुळेच महागात पडतो. संदर्भासाठी तिसरी तार न्यावी किंवा आयसोलेटेड ट्रान्सीव्हर, म्हणजे बसचे आणि उपकरणाचे ग्राउंड वेगळे ठेवणारी चिप, वापरावा. दोन इमारतींमध्ये मी आयसोलेशनशिवाय कधीच जोडणी सुचवणार नाही.

टोकाला काय होते

केबलमधून सिग्नल ताबडतोब पोचत नाही. पिळलेल्या जोडीत त्याला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. तो पुढे सरकत असताना केबल त्याला १२० ओमच्या रोधकासारखी भासते. हा तारेचा रोध नव्हे, तर तिच्या भूमितीतून आलेला लाक्षणिक इम्पिडन्स. टोकाशी पोचल्यावर पुढे तेवढाच भार सापडला तर सगळी ऊर्जा त्यात जिरते. टोक मोकळे असेल तर जिरायला जागाच नाही, म्हणून लाट पूर्ण ताकदीने मागे फिरते आणि टोकावर व्होल्टेज दुप्पट दिसते. ड्रायव्हरपाशी परतल्यावर तिथला इम्पिडन्स बराच कमी असल्यामुळे ती उलटी होऊन पुन्हा निघते.

एक उदाहरण आकड्यांत पाहू. केबल २५० मीटर, ड्रायव्हरचा अंतर्गत रोध २० ओम, मोकळे आउटपुट उणे ३ वरून अधिक ३ व्होल्टवर उडी घेते. केबलमधला क्षय सध्या सोडून देऊ. ६ व्होल्टच्या उडीतले १२०/१४०, म्हणजे ५.१ व्होल्ट केबलमध्ये शिरतात. मोकळ्या टोकावर ते दुप्पट होतात, म्हणून तिथला फरक उणे ३ वरून थेट अधिक ७.३ व्होल्टवर जातो. लाट परत येते, ड्रायव्हरपाशी तिचे ०.७१ पट उलटे रूप निघते, आणि २.५ मायक्रोसेकंदांनी टोकावरचा फरक कोसळून जवळजवळ शून्यावर येतो. आणखी २.५ मायक्रोसेकंदांनी तो ५.२ वर, मग १.४ वर, मग ४.१ वर, असे हेलकावे हळूहळू ३ व्होल्टकडे शांत होत जातात.

आता बॉड रेट, म्हणजे सेकंदाला जाणारे बिट, ११५,२०० असेल तर एक बिट ८.७ मायक्रोसेकंदांचा, आणि रिसीव्हर तो मध्यावर, म्हणजे ४.३ मायक्रोसेकंदांनी वाचतो. नेमके तेव्हा टोकावर ती शून्याजवळची दरी (२.५ ते ५ मायक्रोसेकंद) असते. ०.२ व्होल्टच्या आतला फरक रिसीव्हरला कोणत्याही बाजूने वाचायची मुभा आहे. हीच केबल ९,६०० वर चालवली तर बिटचा मध्य ५२ मायक्रोसेकंदांनी येतो, तोवर सगळे शांत झालेले असते. १०० मीटरच्या केबलवर हेलकावा १ मायक्रोसेकंदाचा असल्याने ११५,२०० देखील निभावते. म्हणून टेबलावर पाच मीटरने चाचणी करून पास झालेली यंत्रणा जागेवर बसवल्यावर अडखळते, आणि वेग कमी केला की ‘दुरुस्त’ होते. वेग कमी केल्यावर दोष नाहीसा होत असेल तर मी आधी टर्मिनेशन पाहीन, केबलवरचे धातूचे आवरण म्हणजे शील्ड नंतर. प्रत्यक्ष केबलचा क्षय दरी थोडी उथळ करतो आणि ड्रायव्हर कमजोर असला तर ती आणखी उथळ होते, त्यामुळे हा दोष कधी दिसतो, कधी नाही.

टोकाला १२० ओमचा रोधक लावला की हा सगळा प्रकार पहिल्या लाटेबरोबरच संपतो. बसवर दोन्ही दिशांनी बोलणे चालते, म्हणून दोन्ही टोकांना एक-एक हवा. मधल्या उपकरणांवर मुळीच नको. मधून निघणारी फांदी मात्र आखूड हवी. ड्रायव्हरच्या सिग्नलला एका स्थितीतून दुसरीत जायला, म्हणजे त्याच्या कडेला, जितका वेळ लागतो त्याच्या दहाव्या भागात लाट फांदीच्या टोकापर्यंत पोचली तर ती फांदी बसला जाणवत नाही. २० नॅनोसेकंदांच्या तीक्ष्ण कडेला हे अंतर जेमतेम ४० सेंटिमीटर येते, ५०० नॅनोसेकंदांच्या मंद कडेला १० मीटर. वेग कमीच हवा असेल तर मुद्दाम मंद कडेचा ट्रान्सीव्हर निवडणे हा बहुतेकांच्या लक्षात न येणारा स्वस्त उपाय आहे. ताऱ्यासारखी जोडणी, म्हणजे एका मध्यातून चार लांब केबल, यातून मार्ग नाही: चारही टोकांना रोधक लावले तर भार फार, न लावले तर प्रतिध्वनी.

रोधकाची किंमत

टर्मिनेशन फुकट मिळत नाही. कोणीच बोलत नसेल तेव्हा दोन १२० ओम मिळून ६० ओमचा रोध दोन्ही तारांना एकत्र खेचतो आणि फरक शून्य होतो. पुन्हा तीच अनिश्चित दरी. साध्या रिसीव्हरला शांततेतही बिट ऐकू येतात आणि संदेशाआधी एखादा खोटा बाइट उगवतो. त्यावर उपाय म्हणून बसच्या एका ठिकाणी एक तार ५ व्होल्टकडे आणि दुसरी ग्राउंडकडे रोधकांनी ओढून धरतात. ६० ओमवर ०.२ व्होल्ट हवे असतील तर ३.३ मिलिअँपिअर लागतात, म्हणजे एकूण रोध १,५०० ओमपेक्षा जास्त चालणार नाही. म्हणून दोन्ही बाजूंना ५६० ओमचे रोधक ठेवले तर ०.२५ व्होल्ट मिळतात. अलीकडच्या बऱ्याच ट्रान्सीव्हरमध्ये उंबरठाच शून्याच्या खाली सरकवलेला असतो, त्यामुळे शून्य फरक आपोआप शांतता म्हणून वाचला जातो. बसवर एक तरी जुने उपकरण असेल तर मात्र हे रोधक हवेतच.

मोजून पाहणे

सगळी उपकरणे बंद करून जोडीच्या दोन तारांमध्ये ओम मोजले की बरेच कळते. छोट्या बसवर ६० च्या आसपास आकडा आला तर दोन्ही रोधक आहेत, १२० आला तर एक गायब आहे, ४० आला तर कोणीतरी तिसरा लावला आहे. लांब केबलवर तारेचा रोध मिसळतो. २४ एडब्ल्यूजी जाडीची तार जाऊन-येऊन किलोमीटरला सुमारे १७० ओम देते, म्हणून वरच्या २५० मीटरच्या बसवर एका टोकाने ६९ ओमच्या जवळपास आकडा येईल, आणि तो बरोबर आहे. ऑसिलोस्कोप असेल तर तो दूरच्या टोकावर, दोन तारांमध्ये डिफरन्शियल प्रोबने लावावा. बिटच्या सुरुवातीला दुप्पट उंची आणि मग दरी दिसली तर टर्मिनेशन नाही. बिट पायऱ्यांनी चढत असेल तर मध्ये कुठेतरी इम्पिडन्स बदलतो आहे.

वाहनांत वापरल्या जाणाऱ्या कॅन बसवर हेच दोन १२० ओम लागतात, पण तिथे ते आणखी एक काम करतात. कॅनचा ड्रायव्हर फक्त एकाच स्थितीत तारा दूर ढकलतो. दुसऱ्या स्थितीत तो सोडून देतो आणि तारांना पुन्हा जवळ आणण्याचे काम रोधकांवर येते. म्हणून आरएस-४८५ ची आखूड बस टर्मिनेशनशिवाय निमूट चालते, पण कॅनची दोन मीटरची बसही रोधकांशिवाय बहुधा एक संदेशही पोचवत नाही.